पहिल्या स्तंभातले उणे

मला मोठ्याने रागावता येत नाही. इतकी वर्षे लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रण प्रणाली हा विषय शिकवतो आहे, आणि आजही शेवटच्या बाकावरून "सर, आवाज!" अशी हाक येते. घरी, वर्गात, परीक्षा विभागात, सगळीकडे माझी ओळख शांत माणूस अशीच आहे. या ओळखीचा मला बरेच दिवस अभिमान होता. आता तो उरलेला नाही, कारण ज्या दुपारी मी सर्वांत मोठी चूक केली, त्या दुपारीही मी अगदी शांतच होतो.

ती चूक समजावी म्हणून थोडे गणित सांगावे लागेल. एखाद्या यंत्राचे वागणे एका समीकरणात मांडले, तर त्या समीकरणाची मुळे कुठे आहेत यावर यंत्राचे भवितव्य ठरते. सगळी मुळे संमिश्र संख्यांच्या प्रतलाच्या डाव्या अर्ध्या भागात असतील, तर धक्का बसलेले यंत्र हळूहळू पूर्ववत होते. एक जरी मूळ उजवीकडे असले, तर तोच धक्का वाढत जातो आणि यंत्र हाताबाहेर जाते. समीकरण चौथ्या किंवा पाचव्या घाताचे असले की मुळे हाताने काढणे जिकिरीचे असते. राउथ या गणितज्ञाने दिलेल्या सारणीची गंमत अशी, की मुळे काढायचीच नाहीत. समीकरणातले सहगुणक एकाआड एक दोन ओळींत लिहायचे, वरच्या दोन ओळींच्या तिरप्या गुणाकारांतून खालची ओळ तयार करायची, आणि शेवटी फक्त पहिल्या स्तंभातली चिन्हे वरून खाली वाचायची. अधिकाचे उणे आणि उण्याचे अधिक असे जितके बदल, तितकी मुळे उजवीकडे. एकही बदल नसेल तर प्रणाली स्थिर.

ही सारणी भरताना अपूर्णांक फार येतात. ते टाळण्यासाठी मी वर्गात एक सवय लावली होती: "ओळीचा पहिला अंक एक करून घ्या." म्हणजे चार, आठ अशी ओळ आली तर तिला चारने भागून एक, दोन करायचे. पुढचा गुणाकार सोपा होतो. एखाद्या ओळीला अधिक संख्येने भागले तर चिन्हे जिथली तिथे राहतात, त्यामुळे यात काही गैर नाही. माझ्या हस्तलिखित नोट्समध्येही हे वाक्य होते. त्या नोट्स महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळत, आणि तिथून औसा, उदगीर, नांदेड अशा कुठकुठल्या वसतिगृहांत पोहोचत. अनोळखी मुले बसस्थानकावर येऊन म्हणत, "सर, तुमच्या नोट्सवर पास झालो." मला बरे वाटे. कोणत्या संख्येने भागायचे आणि कोणत्या नाही, हे मात्र त्या नोट्समध्ये कुठेच नव्हते. लिहायची गरज वाटली नव्हती, कारण मला ते ठाऊक होते.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका काढण्याचे काम विद्यापीठाने माझ्याकडे दिले. प्रश्नपत्रिकेबरोबर नमुना उत्तरेही द्यायची असतात. तपासणारे त्यांवरूनच गुण देतात. एक प्रश्न होता सात गुणांचा. चौथ्या घाताचे समीकरण, सहगुणक ओळीने एक, एक, दोन, सहा आणि आठ. मुळे न काढता प्रणाली स्थिर आहे का सांगा, आणि उजवीकडे किती मुळे आहेत तेही सांगा.

उत्तर लिहायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. पहिली ओळ एक, दोन, आठ. दुसरी ओळ एक, सहा. तिसरी ओळ तिरप्या गुणाकाराने उणे चार आणि आठ. इथे माझ्या हाताने आपली सवय पाळली. पहिला अंक एक हवा, म्हणून मी ओळीला उणे चारने भागले आणि एक, उणे दोन लिहिले. चौथ्या ओळीत आठ आले, पाचवीत उणे दोन. पहिला स्तंभ झाला एक, एक, एक, आठ, उणे दोन. चिन्हबदल एक. मी लिहिले: प्रणाली अस्थिर, उजवीकडे एक मूळ. पाकीट बंद केले, सही केली, चहा घेतला.

उण्याने भागल्यावर त्या ओळीची चिन्हे उलटतात, हे सातवीतल्या मुलालाही कळते. उलटलेल्या ओळीतून पुढची ओळ निघाली की सारणी खोटी साक्ष देते. ती ओळ तशीच ठेवली असती, किंवा अधिक चारने भागली असती, तर स्तंभात उणे मधोमध दिसले असते: अधिक, अधिक, उणे, अधिक, अधिक. बदल दोन. मुळे दोन. वर्गात मीच सांगत आलो होतो, की सारणीतला शेवटचा अंक हा समीकरणाचा स्थिरांक असतो, तेवढा पडताळून पाहा. ओळ लहान केली तर तो अंक लहान होईल, पण आठाचा उणे दोन होणार नाही. तो पडताळा मी स्वतःसाठी वापरला नाही.

मे महिन्यात नांदेडला मध्यवर्ती मूल्यांकन होते. मोठा हॉल, कुलर गारव्यापेक्षा आवाज जास्त देणारे, टेबलांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पत्रिका काढणारा म्हणून मी त्या विषयाचा प्रमुख होतो. शंका आली तर माझ्याकडे यायची पद्धत. एका दुपारी नांदेडच्याच एका महाविद्यालयातली तरुण प्राध्यापिका एक उत्तरपत्रिका घेऊन आली.

"सर, जरा बघता का? नमुन्यात एक मूळ आहे. माझ्या गठ्ठ्यात पाच-सहा जणांचं दोन आलंय. आणि हिनं तर खाली कारण लिहिलंय."

मी पान पाहिले. अक्षर बारीक, उजवीकडे झुकणारे. सारणी भरली होती, मधोमध उणे चार होते. खाली इंग्रजीत तीन ओळी होत्या, ज्यांचा मराठीत अर्थ असा: सर्व सहगुणक अधिक आहेत, म्हणून कोणतीही अधिक संख्या या समीकरणाचे मूळ असू शकत नाही. म्हणून उजवीकडची मुळे वास्तव नाहीत, आणि संमिश्र मुळे नेहमी जोडीने येतात. म्हणून एक हे उत्तर शक्यच नाही.

शेवटचे वाक्य मला खटकले. शक्यच नाही. विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत वापरावे असे ते वाक्य नव्हते, असे मला वाटले. तिने माझ्या नोट्सची पद्धत वापरून आधी एक काढले होते, ते खोडले होते, आणि मग हे लिहिले होते. खोडलेले मला स्पष्ट दिसत होते. ते खोडणेही मला खटकले.

"नमुना उत्तर बघा ना, मॅडम," मी म्हणालो, नेहमीच्या हळू आवाजात. "सोपा प्रश्न आहे. पोरांनी घोळ घातलाय."

"पण सर, तिचं कारण..."

"कारण ठीक आहे. सारणी नमुन्याशी जुळत नाही. पहिल्या दोन ओळींचे दोन गुण द्या."

मी पुढची उत्तरपत्रिका ओढली, तशी ती गेली. दारापाशी कोणीतरी विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. सर म्हणतात तेच बरोबर." त्या वाक्यात काय होते ते मला तेव्हाच ऐकू आले होते. मी ऐकले नाही असे केले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. जुलैत एके सकाळी माझ्या खोलीच्या दारात एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. हदगावहून पहाटेच्या गाडीने नांदेड, तिथून दुसऱ्या गाडीने लातूर असे आले होते. वडील वीज कंपनीत लाइनमन. अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. मुलगी नांदेडला शिकलेली. त्यांच्या वस्तीत अभियांत्रिकीला गेलेली पहिलीच, हे वडिलांनी बसायच्या आधी सांगितले.

मुलीने बसायच्या आधी दुसरेच सांगितले.

"सर, तुमच्या नोट्समध्ये चूक हाय. ते आधी सांगते, नंतर काम."

वडील दचकले. "अगं, सरला असं बोलतात काय?"

"हाय तर हाय, पप्पा." तिने पिशवीतून उत्तरपत्रिकेची छायाप्रत काढून माझ्यासमोर ठेवली. बारीक, उजवीकडे झुकणारे अक्षर. खाली लाल शाईत दोन गुण.

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. पत्रिका कोणी काढली हे गुप्त असते. ती माझ्याकडे आली होती ती फक्त नोट्सवाले सर म्हणून. या विषयात ज्यांचा शब्द चालतो असे सर म्हणून.

तिने भराभर सांगितले. बाकी सगळे विषय पहिल्या वर्गात सुटले होते. हा एकच राहिला होता, तीन गुणांनी. पुनर्मूल्यांकनाला टाकला, तर "बदल नाही" असा शेरा आला. दुसऱ्या तपासणाऱ्यासमोरही तेच नमुना उत्तर असणार, हे तिने बरोबर ओळखले होते. साखर कारखान्यांची टर्बाइन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने तिला घेतले होते; एक ऑगस्टला हजर व्हायचे आणि त्या दिवशी उत्तीर्ण असल्याची गुणपत्रिका दाखवायची. नाही दाखवली तर जागा पुढच्या उमेदवाराला.

"मला सात नकोत, सर. पाच द्या. तीन वाढले की झालं. तुम्ही फक्त लिहून द्या की माझं उत्तर बरोबर हाय. तुमच्या सहीला लई मान हाय म्हणतात."

"तुम्ही..." मी छायाप्रत जवळ ओढली. "तू आधी एक काढलं होतंस. ते का खोडलंस?"

"तुमच्याच पद्धतीनं काढलं होतं. पहिला अंक एक करा म्हणून. मग शेवटी उणे दोन आलं, अन् समीकरणात तर आठ हाय. मला वाटलं माझंच चुकलं. परत केलं, परत एकच. मग नोट्स सोडून दिल्या अन् सरळ केलं." ती जरा हसली. "पंधरा मिनिटं गेली त्यात, सर. शेवटचा प्रश्न राहिला त्याच्यामुळं."

म्हणजे तिची शेवटच्या प्रश्नाची पाटीही माझ्यामुळेच कोरी राहिली होती.

माझे पाप त्या क्षणी संपू शकले असते. मी म्हणायला हवे होते, "हा पेपर मी काढला, चूक माझी आहे." त्याऐवजी मी माझ्या त्या प्रसिद्ध शांत आवाजात म्हणालो, "ठेवून जा. बघतो. यात गोपनीयतेचे काही नियम असतात." नियम खरोखरच असतात. त्या वेळी मी त्यांच्या मागे लपलो, एवढाच त्यांचा उपयोग केला.

वडील उठताना म्हणाले, "सर, आठ दिवसांत व्हईल ना?" मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

ते गेल्यावर मी दार लावून सारणी तीन वेळा भरली. उणे चारने भागून, अधिक चारने भागून, न भागता. पहिल्या वेळी एक, पुढच्या दोन्ही वेळी दोन. कागद माझ्यासमोर होते आणि मला राग आला होता. हा राग कोणावर होता हे मला नीट सांगायला हवे, कारण पहिले काही क्षण तो तिच्यावर होता. इतक्या थोड्या बोलण्यात, इतक्या सरळपणे, माझ्या नोट्समध्ये चूक हाय असे कोणी म्हणावे! मग तो त्या प्राध्यापिकेवर गेला: तिने जोर का धरला नाही? पुनर्मूल्यांकन करणाऱ्यावर गेला: त्याने डोळे मिटून का तपासले? एकेक माणूस संपला आणि खोलीत मी एकटा उरलो. मे महिन्यात त्या तीन ओळींवर मी जितका वेळ घालवला होता, तितक्या वेळात माणूस चष्मासुद्धा पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी नांदेडला निघालो. मुलीला फोन करून परीक्षा विभागापाशी यायला सांगितले. लोह्यापर्यंत मी मनात वाक्ये जुळवत होतो, आणि सगळ्या वाक्यांत मी जरा बरा दिसत होतो. शेवटी ती सोडून दिली.

परीक्षा विभागाचे अधिकारी माझे जुने परिचित. मी सारणी त्यांच्यापुढे मांडली, चूक कुठे आहे ते दाखवले, आणि मे महिन्यात शंका आली असता मीच ती फेटाळली हेही, आणि मुलीला एक ऑगस्टला नोकरीवर हजर व्हायचे आहे हेही सांगितले. ते ऐकत होते, पण त्यांची नजर दारावरच्या घड्याळाकडे जात होती.

"सर, तुम्ही म्हणता ते खरं. पण मला सांगा, किती पोरांना पूर्ण सात मिळालेत एक लिहून? तुमच्या नोट्सवाल्या सगळ्यांना. नमुना उत्तर चूक म्हटलं की सगळे गठ्ठे उघडावे लागतात. समिती बसते. वर्तमानपत्रात येतं. दोन-तीन महिने कुठंच गेले न्हाईत."

"मग उघडा."

"अन् त्या पोरीची एक तारीख?" त्यांनी टेबलावर बोट वाजवले. "एक सोपं करू. प्रश्न संदिग्ध होता, म्हणून एक आणि दोन, दोन्ही उत्तरं ग्राह्य. तुम्ही प्रमुख म्हणून शिफारस करा. ज्यांनी दोन लिहिलंय त्यांचे गुण वाढतात, बाकीच्यांचे राहतात. आठवड्यात सुधारित गुणपत्रिका. कुणाचंच नुकसान न्हाई."

"प्रश्न संदिग्ध नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, कारण तो मोठा होता. शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाने मान वर केली. "त्या समीकरणाला उजवीकडे दोनच मुळे आहेत. ही मताची गोष्ट नाही. एक आणि दोन दोन्ही बरोबर असं सही करून मी कसं लिहू? तीन सरळ ओळींत त्या मुलीनं ते सिद्ध केलंय!"

"मग नका लिहू," ते शांतपणे म्हणाले. "समिती नेमतो."

मी बाहेर आलो. व्हरांड्यात बाप-लेक बाकावर बसले होते. मला कसे सांगावे ते कळत नव्हते, म्हणून मी उभ्यानेच सांगितले.

"तो पेपर मी काढला होता. नमुना उत्तर माझं आहे. आणि तुझं हे पान मी मे महिन्यात पाहिलं होतं. तुझी ओळ वाचली होती. मीच दोन गुण द्यायला सांगितले."

वडील हळूच उभे राहिले. मुलगी बसूनच राहिली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज माझ्यासारखाच हळू होता आणि मला त्याची भीती वाटली.

"वाचली होती?"

"हो."

"अन् काल, तुमच्या खोलीत, मी समोर बसले होते तवा?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

"मी म्हणून राहिले होते की नोट्सवाल्या सरला दाखवते, ते खरं काय ते सांगतील. महिना झाला, घरात सगळ्यांना वाटतंय मला येत न्हाई. शेजारची बाई आईला म्हणते, पोरगी शिकून राहिली म्हणता, मग नापास कशी? मला पण वाटायला लागलं होतं. रोज सारणी करून बघत होते. रोज दोन. रोज." तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही, ती चिडली होती. "दोन मिनिटं बघायचं की, सर. दोनच मिनिटं."



वडिलांनी खिशातला टेस्टर बाहेर काढला होता. बोटांना सवय असावी. "सर, आमच्यात पोलवर चढायच्या आधी लाइन बंद हाय असं दहा जणांनी सांगितलं तरी टेस्टर लावतो आम्ही. साहेबानं सांगितलं तरी लावतो. न लावणारे आमचे दोन माणसं गेलेत." त्यांनी टेस्टर परत खिशात ठेवला. माझा अपमान करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. ते फक्त त्यांच्या कामाची पद्धत सांगत होते. म्हणून ते जास्त लागले.

मग मी अधिकाऱ्यांचा प्रस्ताव तिला सांगितला. दोन्ही उत्तरे ग्राह्य, आठवड्यात गुणपत्रिका. किंवा सगळे गठ्ठे उघडणे, समिती, आणि एक तारीख गेली. मी म्हणालो, "मला खोट्यावर सही करायची नाही. पण हे माझं खरं-खोटं आहे, आणि जागा तुझी आहे. तू सांगशील ते करीन."

"म्हणजे एक पण बरोबर, दोन पण बरोबर?"

"कागदावर तसंच."

ती एकदम हसली, रागानेच. "भारीच हाय की. मुळं पण विद्यापीठाचं ऐकतात." मग उठून उभी राहिली. "करा सही. मला नोकरी पाहिजे. तुमच्या खऱ्यासाठी मी आणखी तीन महिने थांबू? एवढे दिवस तुमच्या खोट्यासाठी थांबले ना मी." जरा थांबून म्हणाली, "पण वर्गात सांगा. फळ्यावर लिहून सांगा, चूक कुणाची होती ते. माझं नाव घेऊ नका. तुमचं घ्या."

मी आत जाऊन शिफारशीवर सही केली. तिच्याखाली एक स्वतंत्र कागद जोडला: संपूर्ण सारणी, उणे चारने भागल्याने काय होते ते, आणि तिच्या तीन ओळी, उत्तरपत्रिकेतली म्हणून. शेवटी लिहिले की बरोबर उत्तर दोन हेच आहे आणि नमुना उत्तरातली चूक माझी आहे. अधिकाऱ्यांनी वाचले, मान डोलावली. मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागे पिन काढल्याचा बारीक आवाज आला. वळून पाहिले तर माझा जोडलेला कागद वेगळा होऊन टेबलाच्या कडेला पडला होता आणि शिफारस फायलीत गेली होती. मी परत गेलो. तो कागद उचलून पुन्हा फायलीत ठेवला आणि लिपिकासमोर दुसरी प्रत काढून तिच्यावर आवक क्रमांक घेतला. लिपिक कुरकुरला. मी त्याच्यावर ओरडलो, माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. खरे म्हणजे त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. ते ओरडणेही माझ्या हिशेबात लिहून ठेवायला हवे.

सुधारित गुणपत्रिका सव्वीस जुलैला निघाली. तिने मला त्या गुणपत्रिकेचा फोटो पाठवला. सोबत एक शब्दही नव्हता. मी उत्तर म्हणून काय लिहावे याचा विचार केला आणि काहीच लिहिले नाही. आभाराचा किंवा क्षमेचा शब्द तिच्याकडून काढून घेण्याचा मला अधिकार नव्हता.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. नियंत्रणाच्या दुसऱ्याच तासाला मी फळ्यावर ते समीकरण लिहिले आणि खाली माझे नमुना उत्तर, जसेच्या तसे. विचारले, "यात चूक कुठे आहे?"

सगळे ते वहीत उतरवून घेऊ लागले. सरांनी लिहिलेय म्हणजे बरोबरच, हे त्यांच्या चेहऱ्यांवर इतके स्पष्ट होते की मला पुन्हा राग आला, आणि या वेळी तो कोणावर आहे हे शोधावे लागले नाही. ते चेहरे मीच घडवले होते. मग तिसऱ्या बाकावरचा एक निलंग्याचा मुलगा म्हणाला, "सर, खाली उणे दोन आलंय. वर तर आठ हाय. जुळंना."

"मग?"

"मग मधी कायतरी उलटं झालंय."

"हे उत्तर कोणाचं असेल?"

"कुणी तरी नापास झालेला असंल," शेवटच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला.

"माझं आहे," मी म्हणालो. "विद्यापीठाच्या पेपरचं नमुना उत्तर म्हणून मी हे लिहिलं. जिनं बरोबर लिहिलं होतं तिला मी नापास केलं. तिनं कारण दिलं होतं, ते मी वाचलं आणि बाजूला ठेवलं." वर्गात हसू थांबले. मी हे जरा मोठ्याने म्हटले असावे, कारण शेवटच्या बाकावरून कोणी "आवाज" म्हणाले नाही.

एका मुलीने हात वर केला. "सर, मग ज्यांनी एक लिहिलं त्यांचे मार्क कापले का?"

"नाही."

"म्हणजे त्यांना चुकीचे सात मिळाले?"

"हो. माझ्या सहीने."

ती वहीत काहीतरी लिहू लागली. काय लिहिले ते मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. नोट्सची मूळ प्रत तिथेच असते, तेलकट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मी ती मागितली. दुकानदार म्हणाला, "सर, नवी काढताय काय? ही लई चालते, राहू द्या." मी पान उघडले. "ओळीचा पहिला अंक एक करून घ्या" या वाक्यावर रेघ मारली, आणि खाली लिहिले: ओळीला फक्त अधिक संख्येने भागा, उण्याने कधीही नाही, शेवटचा अंक स्थिरांकाच्या चिन्हाशी ताडून पाहा. मग जागा शिल्लक होती, म्हणून तिच्या तीन ओळीही लिहिल्या: सर्व सहगुणक अधिक असतील तर उजवीकडे वास्तव मूळ नाही, संमिश्र मुळे जोडीनेच, म्हणून एक शक्यच नाही. शेवटचे वाक्य लिहिताना ते जरा सौम्य करावे असे क्षणभर वाटले. मग तसेच ठेवले.

दुकानदाराने मशीनवर पान ठेवून पहिली प्रत काढली आणि उजेडात धरून पाहिली. "सर, हे खालचं अक्षर बारीक झालंय. पोरांना दिसंल काय?"

मी पेन घेतले आणि "शक्यच नाही" हे शब्द पुन्हा, मोठे, गडद करून काढले.